पाच नळ्यांचं एकमत

फेरिक आयन आणि थायोसायनेट आयन एकत्र आले की रक्तासारखा लाल रंग येतो, हे नगर जिल्ह्यातल्या विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावीपासून माहीत असतं. तिथे फक्त पाहायचं असतं: एक आयन वाढवला की रंग गडद होतो, म्हणजे समतोल उजवीकडे सरकला. पुढे पदवीला नगर, संगमनेर, लोणी, श्रीरामपूर किंवा कोपरगावच्या महाविद्यालयात तोच रंग पुन्हा भेटतो, पण आता कलरीमीटरसमोर. या वेळी रंग मोजून समतोल स्थिरांक K काढायचा असतो, आणि तोही एकाच मिश्रणावरून नव्हे, सुरुवातीच्या वेगवेगळ्या संहतींवरून. जर्नलमध्ये पाच ओळींचा तक्ता होतो, पाच किमती येतात, त्यांची सरासरी काढली जाते, आणि बॅच पुढच्या प्रॅक्टिकलकडे वळते. माझा आक्षेप या सरासरीला आहे. वेगवेगळ्या संहती घ्यायच्या त्या सरासरीसाठी घ्यायच्या नसतात. K खरोखर स्थिर आहे की नाही, हे विचारण्यासाठी घ्यायच्या असतात. आणि नेहमीच्या पाच नळ्या तो प्रश्न विचारतच नाहीत, विचारल्यासारखं फक्त दाखवतात.

आधी नेहमीची रीत पाहू. ०.००२ मोलर फेरिक नायट्रेट ०.५ मोलर नायट्रिक आम्लात बनवलेलं, आणि ०.००२ मोलर पोटॅशियम थायोसायनेट. पाच नळ्यांत प्रत्येकी ५ मिलि फेरिक, त्यात १, २, ३, ४ आणि ५ मिलि थायोसायनेट, आणि उरलेलं आम्ल घालून सगळ्यांचं आकारमान १० मिलि. म्हणजे प्रत्येक नळीत फेरिक सुरुवातीला १ मिलिमोलर, आणि थायोसायनेट ०.२ पासून १ मिलिमोलरपर्यंत. कलरीमीटरला ४७० नॅनोमीटरचा फिल्टर लावायचा, कारण या संयुगाचं सर्वाधिक शोषण ४५० च्या आसपास असतं. अ‍ॅब्सॉर्बन्स A ला मोलर शोषकता ε ने भागलं की तयार झालेल्या लाल संयुगाची संहती x मिळते. सुरुवातीच्या फेरिक F मधून आणि थायोसायनेट S मधून x वजा केला की समतोलावर काय उरलं ते कळतं, आणि मग K = x / [(F − x)(S − x)].

यात एकच गोष्ट बाहेरून आणावी लागते, ती म्हणजे ε. तिच्यासाठी एक स्टँडर्ड नळी करतात: ९ मिलि ०.२ मोलर फेरिक नायट्रेटमध्ये १ मिलि ०.००२ मोलर थायोसायनेट. फेरिक इतकं भरमसाठ आहे की सगळं थायोसायनेट संयुगात गेलं असं मानायचं. मग त्या नळीतली संयुगाची संहती ०.२ मिलिमोलर, आणि तिच्या अ‍ॅब्सॉर्बन्सवरून ε. प्रात्यक्षिकाच्या बऱ्याच पुस्तकांत हे गृहीत एका वाक्यात उरकलेलं असतं. पण K १४० धरला, तर ०.१८ मोलर फेरिकमध्येही थायोसायनेटचा ९६ टक्केच भाग संयुगात जातो. चार टक्के बाहेर राहतो. शिवाय ०.१८ मोलर फेरिक नायट्रेटची एकट्याची आयनिक तीव्रता १.०८ होते, तिच्यात आम्लाची भर वेगळीच, आणि बाकीच्या पाच नळ्यांत मात्र ती निम्म्याहून कमी असते. या प्रकारच्या समतोलात आयनिक तीव्रता बदलली की K बदलतो. म्हणजे मोजपट्टी ज्या माध्यमात तयार केली ते माध्यम वेगळं, आणि जिथे ती लावायची ते वेगळं.

इथे नेहमी मिळणारं उत्तर असं की एवढ्या चुकीने फारसं बिघडत नाही, आणि बिघडलं असतं तर पाच नळ्यांच्या किमती एकमेकींशी जुळल्या नसत्या. हा युक्तिवाद इतका सरळ वाटतो की तो आकडे घालून तपासायची गरजच भासत नाही. आपण तपासू. समजा खरा K १४० आहे आणि या कलरीमीटरवर, या फिल्टरने, १ सेंमी जाडीच्या क्युव्हेटमध्ये खरी ε ४००० आहे. मग पाच नळ्यांत संयुग अनुक्रमे ०.०२४, ०.०४७, ०.०६९, ०.०९० आणि ०.१११ मिलिमोलर होईल, आणि अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०९६ पासून ०.४४३ पर्यंत जाईल. आता स्टँडर्डमधल्या चार टक्क्यांमुळे ε थोडी कमी धरली गेली, तर प्रत्येक x तेवढ्याच प्रमाणात जास्त येईल. गणित करून पाहिलं तर पहिल्या नळीतून K १४६.५ येतो आणि पाचव्या नळीतून १४७. ε दहा टक्क्यांनी चुकवली तर पहिल्या नळीतून १५८ आणि पाचव्या नळीतून १६०. म्हणजे K तेरा-चौदा टक्क्यांनी चुकला आहे आणि पाचही नळ्या एका टक्क्याच्या आत एकमताने तीच चूक सांगत आहेत. कॉलेजच्या कलरीमीटरवर एक टक्क्याचा फरक दिसणारही नाही. मुलगा किमती पाहतो, त्या जवळजवळ सारख्या दिसतात, आणि ‘K स्थिर आहे, म्हणून प्रयोग बरोबर’ असा निष्कर्ष लिहितो. पुराव्याकडून त्याची फसवणूक झालेली असते, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

असं का होतं, हे समजलं की पुढचा मार्ग आपोआप दिसतो. या पाचही नळ्यांत थायोसायनेटचा अकरा-बारा टक्के भागच संयुगात जातो. फेरिक कमी आहे, थायोसायनेटही कमी आहे, त्यामुळे दोन्हींपैकी फारसं काही संपतच नाही. अशा स्थितीत K म्हणजे जवळजवळ A भागिले ε, F आणि S यांचा गुणाकार. ε भाजकात बसली आहे, आणि ती चुकली की सगळ्या किमती एकाच प्रमाणात वर किंवा खाली जातात. संहती पाच वेळा बदलली हे खरं, पण ज्या बदलामुळे ε उघडी पडली असती तो बदल केलाच नाही. एका टोकाला फार थोडं थायोसायनेट संयुगात जावं आणि दुसऱ्या टोकाला बहुतेक सगळं जावं, एवढी मोठी मजल संहतींनी मारली पाहिजे.

म्हणून थायोसायनेट ०.२ मिलिमोलरवर स्थिर ठेवू आणि फेरिक १, २, ५, १० आणि २० मिलिमोलर घेऊ. त्याच K आणि ε च्या हिशेबाने थायोसायनेटचे अनुक्रमे १२, २२, ४१, ५८ आणि ७४ टक्के संयुगात जातील, आणि अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०९६, ०.१७२, ०.३२६, ०.४६४, ०.५८८ येईल. आता तीच दहा टक्क्यांची चूक ε मध्ये घालू. K च्या किमती येतात: १५८, १६१, १६९, १८४, २२५. मघाशी जी चूक पाच नळ्यांनी मिळून लपवली होती, ती इथे जिन्यासारखी पायरी-पायरीने वर चढताना दिसते. या पाच किमतींची सरासरी काढली तर १७९ येते, आणि ती पहिल्या संचाच्या सरासरीपेक्षाही वाईट आहे. पण या किमतींची सरासरी काढायचीच नसते. त्यांचा चढ वाचायचा असतो. फेरिक वाढत जाताना K वर जातो याचा अर्थ ε कमी धरली गेली आहे, कारण थायोसायनेट संपत आलं की S − x हा छोटा आकडा उरतो आणि x मधली किरकोळ चूकही त्याला ओरबाडते. K खाली जात असेल तर ε जास्त धरली असेल, किंवा वरच्या टोकाला रीडिंग दबत असेल. त्या दुसऱ्या शक्यतेकडे पुढे येतो.

एवढं पाहिल्यावर स्टँडर्ड नळीची गरजच उरत नाही. समतोलाचं समीकरण सोडवून x² चं छोटं पद सोडून दिलं, तर हे मिळतं:

F·S / A = 1/(ε·K) + (F + S)/ε

म्हणजे F + S विरुद्ध F·S/A असा आलेख काढला की सरळ रेषा येते. तिचा चढ १/ε, आणि उभ्या अक्षावरचा छेद १/(εK). चढाला छेदाने भागलं की K. ही रीत फ्रँक आणि ऑस्वाल्ट यांनी याच आयनावर काम करताना १९४७ साली वापरली.   वरच्या दुसऱ्या संचाचे आकडे मिलिमोलरमध्ये घालून पाहू. पहिल्या नळीसाठी F·S/A येतो २.०८, शेवटच्या नळीसाठी ६.८०, आडव्या अक्षावर १.२ पासून २०.२ पर्यंतचं अंतर. चढ ०.२४८, म्हणून ε सुमारे ४०३०, छेद १.७८, म्हणून K सुमारे १३९. आपण सुरुवातीला ४००० आणि १४० धरले होते, म्हणजे x² सोडून दिल्याने एक टक्काही बिघडत नाही. हाच आलेख पहिल्या, नेहमीच्या संचावर काढला तर आडव्या अक्षावर १.२ ते २.० एवढीच जागा मिळते, F·S/A चा एकूण चढ ०.१८ असतो, आणि पहिल्या नळीच्या रीडिंगमध्ये ०.००५ ची चूक झाली तरी बिंदू ०.१ ने वरखाली होतो. त्या रेषेवरून ε काढणं म्हणजे अंदाज करणं. रेषा दोन्ही संचांची काढता येते. पुरावा मात्र एकाचाच होतो.

आता फेरिक वाढवताना आयनिक तीव्रता बदलणार नाही हे पाहावं लागतं, नाहीतर स्टँडर्ड नळीवर घेतलेला आक्षेप आपल्याच संचावर उलटेल. यासाठी सोपी युक्ती आहे. एकमेकांत मिसळायची सगळीच द्रावणं ०.५ आयनिक तीव्रतेची बनवायची. मग कोणत्याही प्रमाणात मिसळली तरी मिश्रण ०.५ चंच राहतं. फेरिक नायट्रेटची आयनिक तीव्रता त्याच्या मोलर संहतीच्या सहापट असते. म्हणून ०.०४ मोलर फेरिक नायट्रेट ०.२६ मोलर नायट्रिक आम्लात करायचं: ०.२४ आणि ०.२६ मिळून ०.५. नऊ रेणू पाण्याचं फेरिक नायट्रेट घेतलं तर २५० मिलिसाठी ४.०४ ग्रॅम लागतं. याचंच दहापट विरल द्रावण ०.५ मोलर नायट्रिक आम्लाने करून ठेवायचं, म्हणजे १ आणि २ मिलिमोलरच्या नळ्यांसाठी ब्युरेटमधून पाव मिलि मोजायची वेळ येत नाही, २.५ आणि ५ मिलि मोजता येतात. थायोसायनेट ०.००२ मोलर, पण पाण्यात नव्हे, ०.५ मोलर सोडियम नायट्रेटमध्ये. उरलेली जागा ०.५ मोलर नायट्रिक आम्लाने भरायची. थायोसायनेट सर्वांत शेवटी घालायचं, आणि प्रत्येक नळीत ते घातल्यापासून ठरावीक मिनिटांनी रीडिंग घ्यायचं.

थायोसायनेटचं वजन थोडं चुकलं तर काय, अशी शंका रास्त आहे, कारण ते हवेतला ओलावा ओढतं आणि पावसाळ्यात बाटलीत ढेकूळ होऊन बसतं. पण इथे एक बरी गोष्ट घडते. S सगळ्या नळ्यांत एकाच फ्लास्कमधून येतो आणि ε ही त्याच नळ्यांवरून काढलेली असते. S पाच टक्क्यांनी चुकला तर ε तेवढीच उलट चुकते, आणि K मध्ये दोन्ही चुका जवळजवळ एकमेकींना खातात. फेरिकच्या बाबतीत अशी सवलत नाही. F ची चूक थेट K मध्ये उतरते, आणि फेरिक नायट्रेटही पाणी शोषून घेणारंच आहे. त्यामुळे ज्या फेरिक द्रावणावर सगळं उभं आहे त्याचं सल्फोसॅलिसिलिक आम्ल दर्शक वापरून ईडीटीएशी एक टायट्रेशन करून घ्यावं, असं माझं मत आहे. वेळ जातो, पण तो योग्य जागी जातो. स्टॉकमध्ये फेरिक नायट्रेट नसेल तर बहुतेक ठिकाणी फेरिक अलम पुढे केलं जातं, कारण ते स्वस्त आहे, टिकतं, आणि व्होल्हार्डच्या टायट्रेशनसाठी कपाटात असतंच. त्या टायट्रेशनमध्ये शेवटचा बिंदू दाखवतो तो हाच लाल रंग, तेव्हा तिथे ते योग्यच आहे. K काढण्यासाठी मात्र नाही. सल्फेट फेरिकशी स्वतःचं संयुग करतं आणि थायोसायनेटच्या वाट्याचं फेरिक अडवून ठेवतं. विरल नळीत आम्लामुळे हा परिणाम लहान राहतो, पण फेरिक वाढवत गेलं की सल्फेटही त्याच्यासोबत वाढतं, आणि K खाली घसरताना दिसतो.

आम्लाचं कामही नीट समजून घ्यायला हवं, कारण ‘आम्ल घाला’ एवढंच सांगितलं तर ते कधीकधी गाळलं जातं. फेरिक आयन पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्सो रूपात जातो. ०.५ मोलर आम्लात हा भाग अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. आम्ल नसेल तर १ मिलिमोलर फेरिकपैकी अर्ध्याहून अधिक या रूपात गेलेलं असतं, द्रावण पिवळसर होतं आणि ठेवलं तर तपकिरी पडत जातं. अकरावीच्या प्रयोगात नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं की लाल रंग अनेकदा फिका आणि मळकट दिसतो, कारण या भागातल्या जड पाण्यातले बायकार्बोनेट आम्लता खाऊन टाकतात. गंमत अशी की आम्ल न घालता K काढला तर दोन चुका एकमेकींविरुद्ध ओढतात: हायड्रॉक्सो रूपामुळे K कमी दिसतो, आणि आयनिक तीव्रता जवळजवळ शून्य असल्यामुळे खरा K १४० पेक्षा कितीतरी जास्त असतो. या ओढाताणीतून कधी पुस्तकासारखाच आकडा बाहेर पडू शकतो. पुस्तकातल्या किमतीशी जुळणं हा म्हणूनच फार कच्चा पुरावा आहे. फ्रँक आणि ऑस्वाल्ट यांची १३८ ही किंमत ०.५ आयनिक तीव्रतेची आहे. तिची तुलना त्याच माध्यमातल्या मोजणीशीच करता येते.

नायट्रिक आम्लाची एक खोड मात्र फार कमी ठिकाणी लिहिलेली सापडते. जुनं, पिवळं पडलेलं आम्ल असेल तर त्यात नायट्रस आम्ल असतं, आणि ते थायोसायनेटशी मिळून स्वतःच लाल रंग देतं. लोखंडाचा थेंब नसताना लाल. हा रंग पुढे हळूहळू जातो, त्यामुळे रीडिंग आधी जास्त आणि मग घसरतं. ओळखायची रीत सोपी आहे: फेरिक न घालता फक्त आम्ल आणि थायोसायनेट मिसळून दहा मिनिटं ठेवावं. ते स्वच्छ पाण्यासारखं राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर आम्लात थोडा युरिया घालून नायट्रस आम्ल घालवता येतं, आणि युरियाची या जिल्ह्यात कधी वाण नाही, फक्त तो खताच्या गोणीतला नव्हे तर शुद्ध असावा. हीच नळी कलरीमीटरला लावून पाहिली तर थायोसायनेटच्या बाटलीत शिरलेलं लोखंडही, म्हणजे गंजक्या चमच्याने काढल्याचं फळ, पकडलं जातं.

आता एक गंभीर आक्षेप. कोणी म्हणेल, K च्या किमतींतला ढळ अनेक कारणांनी येऊ शकतो हे तुम्हीच सांगताय. मग ढळ पाहून कारण कसं ठरवणार? एका ढळाला चार आरोपी असतील तर तो पुरावा कसला? आक्षेप खरा आहे, आणि त्याचं उत्तर एवढंच की ढळ निकाल देत नाही, कुठे पाहायचं ते सांगतो. वर चढणारा ढळ आला तर ε कडे पाहा, आणि ती आलेखातून काढली असेल तर तो ढळ मुळात राहायलाच नको. खाली उतरणारा ढळ आला तर आधी वाचनाचा क्रम उलटा करून बघा. सगळ्या नळ्या एकदम मिसळून ठेवल्या आणि फिकट नळीपासून गडद नळीकडे वाचत गेलं, तर शेवटची नळी सर्वांत जास्त वेळ उजेडात बसलेली असते. फेरिक थायोसायनेटचं ऑक्सिडीकरण करतं, उजेड त्याला मदत करतो, आणि रंग उतरतो. क्रम उलटवल्यावर ढळ उलटला तर कारण सापडलं. क्रमाने फरक पडला नाही तर कलरीमीटरवर संशय घ्या. ४७० चा फिल्टर फक्त ४७० चाच प्रकाश सोडत नाही, दोन्ही बाजूंचा बऱ्यापैकी पट्टा सोडतो, आणि त्यामुळे वरच्या टोकाला अ‍ॅब्सॉर्बन्स सरळ रेषेत न वाढता वाकतो. हे तपासायला लाल द्रावण विरल करून चालत नाही, कारण विरल केलं की समतोलच डावीकडे सरकतो आणि रंग प्रमाणापेक्षा जास्त उतरतो. त्यासाठी असं रंगद्रव्य हवं जे विरल केल्याने तुटत नाही: किंचित अल्कलीयुक्त पाण्यातलं मिथाइल ऑरेंज ४६५ च्या आसपास शोषतं, त्याच्या चार-पाच विरलता करून सरळ रेषा कुठपर्यंत टिकते ते पाहावं. आमच्यासारख्या ठिकाणी व्होल्टेज डगमगतं, तेव्हा प्रत्येक दोन नळ्यांमागे ब्लँक पुन्हा शून्यावर आणण्याचीही सवय हवी. आणि थायोसायनेट जास्त ठेवणारा संच कोणी निवडला असेल, तर तिथे एका फेरिकला दोन थायोसायनेट चिकटलेलं संयुगही डोकं वर काढतं. एकाऐवजी दोन फिल्टरने वाचून दोन अ‍ॅब्सॉर्बन्सचं गुणोत्तर पाहिलं तर ते कळतं: एकच रंगीत संयुग असेल तर गुणोत्तर सगळ्या नळ्यांत सारखं राहतं, दुसरं आलं की बदलतं. याच कारणाने मी फेरिक वाढवण्याच्या बाजूचा आहे, थायोसायनेट वाढवण्याच्या नाही.

साधन साधं आहे, स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळाल्याशिवाय एवढी अपेक्षा कशी करायची, असंही ऐकू येतं. मला हे पटत नाही. पुस्तकातली ४५० नॅनोमीटरची ε घेऊन ती फिल्टरच्या कलरीमीटरला लावली तर मात्र चूक होईल, कारण फिल्टरमधून येणारी ε त्या उपकरणाची आणि त्या फिल्टरची स्वतःची असते. पण ती त्याच नळ्यांवरून काढली, तर फिल्टर कितीही रुंद असला तरी जोवर रेषा सरळ आहे तोवर K ला त्याची झळ लागत नाही. साधनाची मर्यादा दुसरीकडे आहे. शेवटच्या आकड्यात ०.००५ ची चूक असेल तर पहिल्या नळीत ती पाच टक्के होते आणि छेदातून K मध्ये शिरते. म्हणून १३९.४ असं लिहिण्यात अर्थ नसतो. १४०, पाच-सात टक्के इकडेतिकडे, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. तापमानही आहेच. लाल संयुग तयार होताना थोडी उष्णता बाहेर पडते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळचा K आणि एप्रिलच्या दुपारचा K वेगळा असायलाच हवा. वातानुकूलन नसलेल्या लॅबमध्ये थर्मामीटर द्रावणात बुडवून तापमान लिहिलं नाही, तर दोन बॅचच्या निकालातला फरक हाताचा की ऋतूचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

सुरुवातीच्या संहती बदलण्यामागचा विचार या अभिक्रियेशी फार जुना जोडलेला आहे. जॉन हॉल ग्लॅडस्टन यांनी १८५५ साली फेरिक आणि थायोसायनेटचीच प्रमाणं बदलत रंगांची डोळ्यांनी तुलना केली. एका नळीत पाणी घालत घालत तिचा रंग दुसरीशी जुळवायचा, हे त्यांचं कलरीमीटर. थायोसायनेट सममूल्य प्रमाणाच्या कितीतरी पट वाढवलं तरी रंग गडद होतच राहतो, हे त्यांनी दाखवलं. गुल्डबर्ग आणि वागे यांचा नियम यायला अजून नऊ वर्षं होती. पाच-पन्नास टक्क्यांच्या बदलातून ग्लॅडस्टन यांना काहीच कळलं नसतं. पट्टा लांब ठेवला म्हणूनच अभिक्रिया पूर्ण होत नाही ही गोष्ट पुराव्यानिशी पुढे आली.

शेवटचा आक्षेप वेळेचा. प्रॅक्टिकलचे तास मोजके, नळ्या मर्यादित, आणि परीक्षकाला एक आकडा हवा असतो. पण दुसरा संच पहिल्याइतक्याच पाच नळ्यांचा आहे, स्टँडर्ड नळी वाचते, आणि ०.२ मोलर फेरिक नायट्रेट करायला लागणारं रसायनही वाचतं. टायट्रेशन स्टॉक द्रावणाचं असल्याने सगळ्या बॅचसाठी एकदाच करावं लागतं. जास्तीचा वेळ लागतो तो आलेखाला आणि त्यावर विचार करायला. परीक्षकाला आकडा द्यायचाच असेल तर रेषेवरून येणारा द्यावा, आणि त्याच्या खाली पाच नळ्यांतून वेगवेगळा काढलेला K संहतीच्या क्रमाने मांडावा. त्या पाच किमतींत वरखालीची दिशा नसेल, फक्त विखुरलेपणा असेल, तर रेषेवरच्या आकड्याला आधार आहे. दिशा असेल तर आकडा खोडू नये; त्याच्याशेजारी ती दिशा लिहावी, आणि ब्लँक, वाचनाचा क्रम व मिथाइल ऑरेंजची रेषा यांपैकी काय तपासलं आणि काय तपासायचं राहिलं तेही लिहावं.